आकडे कोणत्या हाताने? जळगावच्या एका हिशेब कार्यालयातील प्रकरण अभ्यास

जळगावच्या नवी पेठेतील एका कर सल्लागाराच्या कार्यालयात डेटा एंट्रीचे काम करणाऱ्या एका डावखुऱ्या ताईंचे हे प्रकरण आहे. दसऱ्यानंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की धरणगाव, चोपडा आणि जामनेर भागांतील जिनिंगवाल्यांच्या खरेदीच्या काटापट्ट्या या कार्यालयात गठ्ठ्यांनी येतात आणि त्यांच्या नोंदी टॅलीमध्ये करण्याचे काम मुख्यतः या ताईंकडे असते. ऐन हंगामात त्यांच्या नोंदींतील चुका वाढल्या, त्याच सुमारास त्यांचा डावा खांदाही दुखू लागला. मी जळगाव आणि भुसावळ येथील काही कार्यालयांतील संगणकांची देखभाल करतो आणि टंकलेखनही शिकवतो, त्यामुळे कार्यालयाच्या मालकांनी मला बोलावून घेतले. ‘कीबोर्डच खराब आहे का ते बघा’ एवढेच त्यांचे म्हणणे होते.

कीबोर्ड खराब नव्हता, मात्र तो नवा होता. ताईंचे काम सोपे व्हावे म्हणून हंगामाच्या तोंडावर मालकांनी त्यांच्यासाठी नंबर पॅड नसलेला आखूड कीबोर्ड आणि यूएसबीने जोडायचा सुटा नंबर पॅड आणला होता. हा सुटा पॅड कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवलेला होता. कार्यालयातील जुने मुनीम, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांनीच ही सूचना केली होती. “ताई, तुमचा हात डावा, तर आकडे बी डावीकडेच पाहिजे ना,” असे ते म्हणाले होते आणि ते कोणालाही पटण्यासारखेच होते. डावखुऱ्या माणसासाठी नंबर पॅड डावीकडे घ्यावा हा सल्ला सर्रास दिला जातो. या प्रकरणात तो सल्ला का बसला नाही आणि त्याच कार्यालयातील दुसऱ्या एका टेबलावर तोच पॅड, त्याच डाव्या बाजूला ठेवून, उत्तम का बसला, हे सविस्तर पाहण्यासारखे आहे.

आधी चुकांकडे वळू. हिशेबाच्या कामात फरक निघाला की जुनी माणसे प्रथम त्या फरकाला नऊने भाग जातो का ते पाहतात, कारण शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, म्हणजे ४५ च्या जागी ५४ पडले, तर येणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. नाना याच कसोटीवर चुका शोधत होते आणि ती इथे लागू पडत नव्हती. जिनिंगवरच्या काटा नोंदवहीतील दिवसाच्या एकूण वजनाशी टॅलीतील वजन ताडून पाहिले, तर फरक कधी २० किलोचा यायचा, कधी २०० किलोचा. भावाच्या रकान्यात तो २०० किंवा २,००० रुपयांचा यायचा.

एक पट्टी नमुन्यादाखल घेऊ. गाडीचे निव्वळ वजन १८४५ किलो आणि भाव क्विंटलला ७,१०० रुपये. म्हणजे १८.४५ क्विंटलचे १,३०,९९५ रुपये होतात. ताईंच्या नोंदीत वजन १८.६५ पडले होते, म्हणून रक्कम १,४२० रुपयांनी वाढली होती. दुसऱ्या एका पट्टीत ७,१०० च्या जागी ९,१०० होते, तर आणखी एकीत १ च्या जागी ३. चुकलेल्या सगळ्या पट्ट्या एकाखाली एक मांडल्यावर दिसले की ४ आणि ६, ७ आणि ९, १ आणि ३ एवढ्याच जोड्यांची अदलाबदल होत आहे. २, ५ आणि ८ या आकड्यांच्या बाबतीत चूक नव्हती.

नंबर पॅड डोळ्यांसमोर आणला की याचा उलगडा होतो. ७-४-१ हा डावा उभा स्तंभ, ८-५-२ हा मधला आणि ९-६-३ हा उजवा. आपल्याकडील प्रत्येक टंकलेखन संस्थेत नंबर पॅड उजव्या हाताने शिकवला जातो. मधले बोट ५ वरच्या उंचवट्यावर, तर्जनी ४ वर, अनामिका ६ वर, अंगठा ० वर आणि करंगळी उजवीकडच्या Enter वर असते. ताई लिहायला डावखुऱ्या असल्या तरी आकडे त्या याच पद्धतीने, उजव्या हाताने शिकल्या होत्या आणि कित्येक वर्षे तसेच टंकत होत्या. पॅड डावीकडे आल्यावर त्यांनी डावा हात ५ वर ठेवला. मधले बोट बरोबर बसले, परंतु तर्जनी आता ६ वर आणि अनामिका ४ वर आली. हाताला ‘चार म्हणजे तर्जनी’ अशी सवय असल्याने घाई झाली की ४ साठी तर्जनीच खाली जायची आणि ६ पडायचा. मधला स्तंभ दोन्ही हातांना सारखाच असल्याने २, ५, ८ सुरक्षित राहत होते. आडव्या ओळीतील दोन टोकांच्या आकड्यांत दोनाचा फरक असतो, म्हणूनच या प्रकारच्या चुकीचा फरक नेहमी २, २०, २०० किंवा २,००० असा येतो. बोट नुसतेच एक ओळ वर किंवा खाली घसरले असते, तर फरक तिनाच्या हिशेबात आला असता. ज्या कार्यालयात नंबर पॅडची बाजू नुकतीच बदलली आहे, तिथे नऊच्या कसोटीबरोबर ही दोनाची कसोटीही वापरून पाहावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण चूक हाताच्या सवयीची आहे की दुसऱ्या कशाची, हे तिच्यावरून लगेच कळते. अर्थात एकाच दिवशी दोन-तीन चुका झाल्या असतील तर बेरजेतला फरक फसवा असतो आणि तेव्हा पट्टीवार ताडून पाहण्याला पर्याय नसतो.

सवय बदलता आली असती. नवी बोटे शिकून घेतली असती तर काही आठवड्यांत चुका थांबल्या असत्या, असे कोणी म्हणेल आणि ते खरेही आहे. म्हणून पॅड तिथेच ठेवून ताईंना नव्याने सराव द्यायचा का, असा प्रश्न पुढे आला. तो ठरवण्यासाठी मी त्यांच्या शेजारी बसून एका गठ्ठ्याचे काम पूर्ण पाहिले आणि त्या वेळी आकड्यांपेक्षा दोन्ही हात कुठे जातात याकडे लक्ष दिले.

काटापट्टीचे काम असे चालते. गठ्ठा टेबलाच्या डाव्या बाजूला असतो. पट्टी बघायची, शेतकऱ्याचे नाव टंकायचे, वजन टाकायचे, भाव टाकायचा, आलेली रक्कम पट्टीवरच्या रकमेशी ताडायची, जुळली की पट्टीवर पेनने बरोबरची खूण करायची, Ctrl+A दाबून व्हाउचर स्वीकारायचे आणि पट्टी उलटवायची. खूण करणारा हात लिहिण्याचा हात असतो, म्हणजे ताईंच्या बाबतीत डावा. पट्टी उलटवणारा हातही डावा. नवीन मांडणीत आकडेही डाव्या हाताकडे आले होते. त्यामुळे प्रत्येक पट्टीला डावा हात पॅडवरून उठून पेन उचलत होता, पेन ठेवून Ctrl+A कडे जात होता, पट्टी उलटवत होता आणि पुन्हा न बघता ५ वरचा उंचवटा शोधत होता. दरम्यान उजवा हात कीबोर्डवर स्वस्थ होता. उंचवटा चुकला की सगळा आकडा एका स्तंभाने सरकण्याचा धोका होता. एका माणसाच्या एकाच हातावर पेन, पट्टी, पॅड आणि माउस असा चौघांचा भार पडला होता.

जुन्या, पूर्ण लांबीच्या कीबोर्डवर हेच काम कसे होत होते ते त्यांना करून दाखवायला सांगितले. नाव टंकून झाल्यावर उजवा हात नंबर पॅडवरून हललाच नाही. डाव्या हातात पेन तसेच राहिले, त्याच हाताने खूण झाली, पेन बोटांत धरूनच करंगळीने Ctrl आणि शेजारच्या बोटाने A दाबले गेले, पट्टी उलटली आणि तोवर उजवा हात पुढच्या पट्टीसाठी तयारही होता. उजवा हात वापरून लिहिणाऱ्या माणसाला हे साधत नाही. त्याला खूण करायला पॅडवरचाच हात उचलावा लागतो. कागदावरून आकडे टाकण्याच्या कामात उजवीकडचा नंबर पॅड डावखुऱ्या माणसाच्या सोयीचा आहे, हे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी या टेबलावर बसून बघितल्यावर पक्के झाले.

खांद्याच्या दुखण्याचे कारण शोधायला मोजपट्टी पुरेशी होती. नेहमीच्या कीबोर्डवर दोन कळांच्या मध्यांतील अंतर १९ मिलिमीटर आणि किंचित वर असते. टंकताना शरीराचा मध्य साधारण G आणि H या कळांच्या मध्ये येतो. तिथपासून कीबोर्डचा डावा काठ सुमारे १३ सेंटिमीटरवर असतो आणि नंबर पॅडसकट उजवा काठ सुमारे ३० सेंटिमीटरवर. म्हणजे उजव्या हाताने माउस चालवणाऱ्याचा हात नंबर पॅड ओलांडून बाहेर जातो, कोपर अंगापासून सुटते आणि खांद्यावर ताण येतो. ताई माउस डाव्या हाताने चालवतात, त्यामुळे जुन्या मांडणीत त्यांचा माउस अगदी कीबोर्डला लागून, अंगाजवळ असायचा. त्यांना पूर्वी कधी खांदा दुखला नव्हता यात नवल नाही. सुटा पॅड डावीकडे आल्यावर त्याच्या आवरणासकट ९ सेंटिमीटर जागा गेली आणि माउस मध्यापासून २२ सेंटिमीटरच्या पलीकडे ढकलला गेला. त्याच्याही पलीकडे पट्ट्यांचा गठ्ठा होता. पॅड आणि माउस या दोघांनाही डावीकडची तीच जागा हवी होती, आणि ती एकाच हाताच्या वाट्याची होती.

म्हणून निर्णय असा झाला की ताईंनी पूर्ण लांबीच्या कीबोर्डवर परत जावे, आकडे उजव्या हाताकडे राहावेत, तर पेन, पट्ट्या आणि माउस डाव्या हाताकडे. दोनाच्या फरकाच्या चुका थांबल्या. खांद्याचे दुखणे हळूहळू कमी झाले. मात्र टेबलाची उंची, खुर्ची आणि बैठकीचे तास यांचाही त्यात वाटा असतो, आणि बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल तर मांडणी बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले होते.

सुटा पॅड मात्र वाया गेला नाही. याच कार्यालयात जीएसटीची विवरणपत्रे भरणारा एक तरुण आहे, तोही डावखुराच. त्याला सगळे भाऊ म्हणतात. शाळेच्या दिवसांत त्याने सायबर कॅफेत संगणक हाताळला, तिथे माउसची वायर उजवीकडेच असायची, म्हणून त्याला माउस उजव्या हाताने चालवण्याची सवय लागली आणि ती त्याने कधी बदलली नाही. त्याच्या कामात कागद जवळजवळ नसतो. पडद्यावर एका बाजूला बँकेचा उतारा आणि दुसऱ्या बाजूला एक्सेलची शीट असते, माउसने खाना निवडायचा आणि आकडा टाकायचा, असे दिवसभर चालते. पूर्ण कीबोर्डवर त्याचा उजवा हात माउस आणि नंबर पॅड यांच्यात सतत ये-जा करत होता आणि डावा हात रिकामा होता. त्याला नंबर पॅड नसलेला आखूड कीबोर्ड दिला, तेव्हा उजवीकडचा माउस ३० सेंटिमीटरवरून २२ सेंटिमीटरवर आला. सुटा पॅड त्याच्या डावीकडे ठेवला, तेव्हा डाव्या हाताला काम मिळाले. तो आता उजव्या हाताने खाना निवडतो आणि डाव्या हाताने आकडा टाकतो, कोणताही हात जागेवरून हलत नाही.

नंबर पॅडवर डाव्या हाताची बोटे कशी बसवायची, याचा पाठ कोणत्याही संस्थेत मिळत नाही, म्हणून भाऊसाठी तो आम्ही बसवला. मधले बोट ५ वर, तर्जनी ६ वर, अनामिका ४ वर हे उघडच आहे. खरा प्रश्न ० आणि Enter यांचा असतो. उजव्या हाताचा अंगठा डावीकडे वळलेला असतो, म्हणून पॅडच्या डाव्या कोपऱ्यातील रुंद ० त्याच्याखाली येतो. डाव्या हाताचा अंगठा उजवीकडे वळलेला असतो, त्यामुळे तो उजव्या कोपऱ्यातील उंच Enter च्या खालच्या अर्ध्या भागावर आपोआप पडतो, आणि ० करंगळीकडे जातो. म्हणजे अंगठा आणि करंगळी यांनी कामांची अदलाबदल केली की मांडणी जुळते. प्रत्येक आकड्यानंतर Enter येतो आणि तो हाताच्या सर्वांत बळकट बोटाकडे आला हा फायदा आहे, पण रुपयांच्या रकमांत शून्ये भरपूर असतात आणि ती दुबळ्या करंगळीकडे गेली हा तोटा आहे. ज्या पॅडवर ‘००’ अशी वेगळी कळ असते, तिथे हा तोटा थोडा भरून निघतो. कळांचे काम बदलता येणारे सुटे पॅडही मिळतात आणि त्यांत Enter डाव्या स्तंभात नेता येतो. मात्र ७-८-९ असा आकड्यांचा क्रम आरशातल्यासारखा उलटा करू नये. इतर प्रत्येक पॅडवर, मोजणीच्या यंत्रावर आणि एटीएमवर आकडे डावीकडून उजवीकडेच वाढत जातात, त्यामुळे उलट क्रमाची सवय लागलेला माणूस तिथे चुकत राहील.

भाऊच्या टेबलावर पहिल्या दिवशी एक अडचण आली, ती नोंदवून ठेवतो. पॅडवर ८ दाबले की आकडा न उमटता कर्सर वरच्या खान्यात उडी मारायचा, आणि ७ दाबले की ओळीच्या सुरुवातीला जायचा. पॅड बिघडला असा त्याचा समज झाला होता. प्रत्यक्षात NumLock बंद होते आणि त्या स्थितीत पॅडवरचे आकडे बाणांचे आणि Home, End चे काम करतात. संगणक सुरू होताना NumLock चालू राहील अशी सोय बहुतेक संगणकांच्या बायोसमध्ये असते, ती तिथे करून दिली. आकडा गायब आणि कर्सर भलत्याच जागी, अशी जोडी दिसली की आधी NumLock चा दिवा बघावा.

आता शॉर्टकटकडे येऊ. ताईंच्या डाव्या हाती माउस असल्याने त्यांची खरी गैरसोय इथे होती आणि ती पूर्वीपासून होती, फक्त त्यांनी ती कधी बोलून दाखवली नव्हती. नक्कल करणे, चिकटवणे, कापणे आणि मागे घेणे यांच्यासाठीच्या Ctrl+C, Ctrl+V, Ctrl+X आणि Ctrl+Z या सगळ्या जोड्या कीबोर्डच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात आहेत. उजव्या हातात माउस धरलेल्या माणसाचा डावा हात त्यांच्यावर मोकळा असतो. माउस डावीकडे असला की मजकूर निवडून झाल्यावर एक तर माउस सोडावा लागतो किंवा उजवा हात कीबोर्डवरून आडवा न्यावा लागतो. ताई दुसरा मार्ग वापरत होत्या. उजव्या हाताच्या दोन बोटांनी डावीकडचा Ctrl आणि C दाबताना मनगट वाकडे व्हायचे आणि अधूनमधून C ऐवजी शेजारचा X दाबला जाऊन मजकूरच नाहीसा व्हायचा.

विंडोजमध्ये याच कामांसाठी जुन्या काळापासून दुसऱ्याही जोड्या चालत आल्या आहेत आणि त्या उजव्या हाताच्या आहेत. Ctrl+Insert ने नक्कल होते आणि Shift+Insert ने ती चिकटते. उजवा Ctrl अंगठ्याने दाबून त्याच हाताच्या मधल्या बोटाने Insert गाठता येतो. पूर्ण लांबीच्या कीबोर्डवर हे उभे अंतर चार ओळींचे, म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटरचे असते. Shift एक ओळ वर असल्याने चिकटवण्याची जोडी त्याहून जवळ आहे. वर्ड, एक्सेल आणि ब्राउझर या तिन्हींत त्या चालतात. ताईंना एवढ्या दोन जोड्या शिकवल्या आणि डावा हात माउसवरून न उचलता त्यांची नक्कल-चिकटवण होऊ लागली.

याच कुटुंबातली तिसरी जोडी, Shift+Delete, मी मुद्दाम शिकवली नाही. मजकुरात ती कापण्याचे काम करते हे खरे, पण फाइल निवडलेली असताना तीच जोडी दाबली तर फाइल रिसायकल बिनमध्ये न जाता कायमची पुसली जाते. जिथे ग्राहकांच्या बिलांच्या फाइली असतात अशा संगणकावर ही सवय बोटांना लागू देऊ नये. कापण्यासाठी ताई अजूनही माउस सोडून डाव्या हाताने Ctrl+X दाबतात आणि तेच योग्य आहे. Insert नुसतेच दाबले गेले तर लिब्रेऑफिस रायटरमध्ये नवीन अक्षर जुन्यावर चढून जुने पुसू लागते. पुन्हा एकदा Insert दाबले की ते पूर्ववत होते, हेही त्यांना दाखवून ठेवले.

माउसची डावी-उजवी बटणे अदलाबदल करण्याची सोय विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे. ताईंनी ती नको म्हटली, कारण सायंकाळी त्याच संगणकावर त्याच खात्यातून दुसरी व्यक्ती काम करते. त्यांनी आजवर मधल्या बोटानेच डावे बटण दाबले आहे आणि त्यांना त्यात अडचण वाटत नाही.

राहिला प्रश्न कळांच्या मांडणीचा. ताईंच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाने त्यांना सांगितले होते की विंडोजमध्ये डाव्या हाताचा ड्वोराक म्हणून कीबोर्ड आहे, तो घे. विंडोजच्या यादीत तो खरोखरच आहे, `United States-Dvorak for left hand` या नावाने. पण नावावरून होणारा समज चुकीचा आहे. ही मांडणी डावखुऱ्या माणसांसाठी केलेली नाही. ज्यांना टंकायला फक्त डावा हातच उपलब्ध आहे, त्यांच्यासाठी ती आहे. तिच्यात नेहमी लागणारी अक्षरे एकाच हाताच्या आवाक्यात गोळा केलेली असतात. दोन्ही हात चालणाऱ्या ताईंनी ती घेतली असती तर उजवा हात बराचसा रिकामा राहिला असता आणि आधीच लादलेल्या डाव्या हातावर आणखी ओझे आले असते. दोन हातांचा मूळ ड्वोराक, ज्याचे पेटंट १९३६ चे आहे, त्यात सगळे स्वर डाव्या हाताखाली आणि बहुतेक वापराची व्यंजने उजव्या हाताखाली आहेत, आणि त्यात इंग्रजी टंकताना उजव्या हातावर थोडा जास्त भार येतो.

नेहमीच्या क्वर्टी मांडणीत उलट आहे. तिच्यात इंग्रजीचा निम्म्याहून जास्त भार डाव्या हातावर पडतो. हे ताईंना शब्दांनीच पटवून दिले. त्यांच्या रोजच्या कामातले GST, tax, rate, date, cess, state, address आणि traders हे सगळे शब्द क्वर्टीवर केवळ डाव्या हाताने टंकले जातात, उजव्याचे एक बोटही लागत नाही. त्यांनी ते टंकून पाहिले आणि त्यांना आश्चर्य वाटले. त्यांना डाव्या हाताला झुकते माप देणारी मांडणी हवी होती, आणि ती त्या पूर्वीपासून वापरतच होत्या.

मराठीसाठी कार्यालयात इनस्क्रिप्ट आहे. तिच्यात स्वर आणि मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे आहेत. म, न, ण, व आणि अनुस्वार हे मात्र डाव्या हाताच्या खालच्या ओळीत आले आहेत. मराठी शब्दात व्यंजनापाठोपाठ मात्रा येते, त्यामुळे हात आलटून पालटून चालतात. ‘कापूस’ लिहिताना क उजव्या हाताने, काना डाव्याने, प उजव्याने, ऊकार डाव्याने आणि स पुन्हा उजव्याने येतो. ‘केळी’ लिहितानाही तसेच, फक्त ळ साठी डाव्या करंगळीने Shift धरावा लागतो. ‘जळगाव’ मध्ये ज, ळ, ग ही तिन्ही अक्षरे उजव्या हाताकडे लागोपाठ येतात आणि मग काना आणि व डाव्याकडे. खरेदीदार जिनिंगवाल्यांना पाठवायची मराठी पत्रे टंकताना ताईंना कोणत्याच हाताचा वेगळा त्रास जाणवत नव्हता, म्हणून मांडणीला हात लावला नाही.

मांडणीच्या बाबतीत एकच सवय बदलली, ती जीएसटी क्रमांकाची. हा पंधरा अक्षरांचा क्रमांक महाराष्ट्रासाठी २७ ने सुरू होतो, पुढे दहा अक्षरांचा पॅन येतो, त्यात पाच अक्षरे, चार आकडे आणि पुन्हा एक अक्षर असते, आणि शेवटी एक खूण, Z आणि तपासणीचे चिन्ह. ताई यातले आकडे पॅडवरून आणि अक्षरे मधल्या भागातून टंकत असल्याने उजवा हात एका क्रमांकासाठी अनेकदा ये-जा करत होता आणि चूक बहुधा पॅनमधील आकडे संपून अक्षर सुरू होते तिथेच व्हायची. पूर्ण क्रमांक अक्षरांच्या वरच्या आकडे-ओळीतून, दोन्ही हातांनी टंकायचा असे ठरवले. सुरुवातीला त्यांचा वेग कमी झाला, कारण आकडे-ओळ न बघता टंकण्याचा सराव त्यांना नव्हता. ७ पर्यंतचे आकडे लवकर बसले, ८, ९ आणि ० ला वेळ लागला. क्रमांकांतील चुका मात्र विवरणपत्र भरण्याच्या टप्प्यावर भाऊकडे सापडणे कमी झाले, हे त्यानेच सांगितले.

मालकांनी आता ताईंसाठी लॅपटॉप घेण्याचे मनात आणले आहे आणि त्यांनी मला यादी मागितली आहे. बऱ्याच लॅपटॉपवर उजवा Ctrl नसतो आणि Insert ला Fn धरावे लागते, म्हणजे ताईंच्या दोन्ही जोड्या तिथे मोडतात. ज्या लॅपटॉपमध्ये अंगचा नंबर पॅड असतो, त्यात अक्षरांचा भाग आणि टचपॅड डावीकडे सरकलेले असतात, त्यामुळे पडद्यासमोर बसले की हात वाकडे पडतात आणि ० ची कळ अनेकदा निम्म्या रुंदीची असते. म्हणून मी यादीत लॅपटॉपबरोबर पूर्ण लांबीचा बाहेरचा कीबोर्ड आणि लॅपटॉप उंचावर ठेवण्याचा स्टँड लिहिला आहे. ताईंचा जुना कीबोर्डच त्याला जोडता येईल आणि त्यासाठी नवा खर्च करायची गरज नाही.